आते हाई कोन दखी?

राजीनामा दिल्याचं ऑफिसात कळलं त्या दुपारी नितीनदादा माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. माझ्या स्क्रीनवर तिकिटांची, म्हणजे राहिलेल्या कामांच्या नोंदींची, यादी उघडी होती. अकरा तिकिटं, आणि अकराच्या अकरा माझ्या नावावर. त्यांनी यादी वरपासून खालपर्यंत शांतपणे वाचली. दादा धुळ्याकडचे. मनातलं काही बोलायचं असलं की ते अहिराणीवर येतात. "आते हाई कोन दखी?" एवढंच म्हणाले. आता हे कोण बघणार?

जळगावच्या त्या छोट्या ऑफिसात मी सहा वर्षं काम केलं. केळीच्या व्यापाऱ्यांसाठी आम्ही हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवतो. कोणत्या शेतातून किती क्विंटल माल कापला, तो कोणत्या ट्रकमध्ये भरला, कुठे गेला, त्या दिवशी भाव काय होता आणि शेतकऱ्याचं किती देणं निघतं, एवढा त्याचा जीव. सावदा, फैजपूर, रावेर, यावल या पट्ट्यात आमचे बहुतेक ग्राहक. पाच जणांचं ऑफिस, त्यामुळे एकेका कामाची माहिती एकेकाच्याच डोक्यात राहते आणि ते कुणाला खटकतही नाही, कारण विचारायला तो माणूस शेजारीच बसलेला असतो.

माझ्या आधी दोन जण सोडून गेले होते. दोघांनी जाताना आपली उघडी तिकिटं 'टीम' नावाच्या एका सामायिक खात्यावर टाकली होती. मी ते खातं उघडून पाहिलं. सगळ्यात जुनं तिकीट चार वर्षांपूर्वीचं, आणि त्यावर शेवटचं वाक्य होतं, 'अर्धं झालंय, बाकी सोपं आहे.' कोणतं अर्धं झालं, बाकी काय राहिलं, सोपं कशावरून, हे सांगणारा माणूस आता पुण्यात कुठेतरी. चार वर्षांत त्या तिकिटाला कुणी हात लावला नव्हता. टीमच्या नावावर टाकलेलं काम कुणाच्याच सकाळच्या यादीत दिसत नाही. म्हणून मी ठरवलं, माझं एकही तिकीट त्या खात्यावर जाणार नाही. प्रत्येकावर एका माणसाचं नाव असेल, आणि त्या माणसाला मी समोर बसून ते काम दिलेलं असेल.

पहिल्या दिवशी वाटलं, दोन तासांचं काम आहे. शेवटी आठ दिवस लागले, आणि त्यातले चार एकट्या तिकीट क्रमांक ४१२ वर गेले. त्याच तिकिटाबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे.

तिकिटाचं शीर्षक साधं होतं: 'शोधात बऱ्हाणपूर अर्धंच सापडतं.' बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे, पण रावेरच्या माणसाला ते परकं गाव वाटत नाही. फारुकी सुलतानांच्या काळात ती खानदेशची राजधानी होती, आणि आजही तिथल्या केळीच्या लिलावात काय भाव फुटला याकडे आमच्या इकडच्या शेतकऱ्याचे कान असतात. त्यामुळे आमच्या डेटाबेसमध्ये हे नाव हजारो नोंदींत आहे.

सावद्याच्या एका पेढीवरचे मुनीम, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांचा फोन आला होता. "ताई, महिन्याच्या यादीत बऱ्हाणपूरचे एक्केचाळीस ट्रक दिसतात. माझ्या वहीत अठ्ठावन्न आहेत." मी यादी उघडली. बऱ्हाणपूर नावाची एक ओळ होती, तिच्यासमोर ४१. यादी खाली सरकवली तर आणखी एक बऱ्हाणपूर, त्याच्यासमोर १७. बेरीज अण्णांच्या वहीइतकीच, ५८. दोन्ही ओळींमधलं नाव अक्षर न् अक्षर सारखं. स्क्रीन मोठी करून पाहिली, कागदावर छापून पाहिली, तरी फरक दिसेना.

डोळ्याला दिसत नसेल तर अक्षरं मोजायची. पहिल्या नावाची लांबी आली १०, दुसऱ्याची ९. मग एकेका अक्षराचा युनिकोड क्रमांक छापला. पहिल्या नावाची सुरुवात अशी होती:

```
U+092C DEVANAGARI LETTER BA
U+0930 DEVANAGARI LETTER RA
U+094D DEVANAGARI SIGN VIRAMA
U+200D ZERO WIDTH JOINER
U+0939 DEVANAGARI LETTER HA
```

आणि दुसऱ्याची अशी:

```
U+092C DEVANAGARI LETTER BA
U+0931 DEVANAGARI LETTER RRA
U+094D DEVANAGARI SIGN VIRAMA
U+0939 DEVANAGARI LETTER HA
```

मराठीत आपण 'ऱ्ह' आणि 'ऱ्य' मध्ये र अर्धा, आडव्या कोयत्यासारखा काढतो. हा आडवा र संगणकात दोन वाटांनी लिहिता येतो. एक वाट जुनी: साधा र, मग हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह. दुसरी वाट म्हणजे नुक्ता असलेला ऱ आणि त्याला हलन्त. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण डेटाबेस अक्षरं बघत नाही, क्रमांक बघतो. त्याच्या लेखी ही दोन वेगळी गावं आहेत.

दोन वाटा आल्या कुठून, हेही शोधावं लागलं. आमचा जुना डेटा एका जुन्या फॉण्टमधून रूपांतर करून आणलेला होता, आणि रूपांतर करणाऱ्या स्क्रिप्टने सगळीकडे जोडचिन्हाची वाट धरली होती. नंतर ऑपरेटर इनस्क्रिप्ट कीबोर्डवर टाइप करू लागले. तिथे शिफ्ट धरून J दाबलं की थेट ऱ येतो. म्हणजे जुन्या नोंदी एका बाजूला पडल्या आणि नव्या दुसऱ्या. अण्णांचे ४१ आणि १७ असे फुटले होते.

यावर सगळ्यांना पहिला सुचणारा उपाय युनिकोडच्या नॉर्मलायझेशनचा, म्हणजे वेगवेगळ्या रीतीने लिहिलेलं एकच अक्षर एका ठरावीक रूपात आणण्याचा. त्यातली नेहमीची पद्धत NFC. तो इथे अर्धाच लागू पडतो. र आणि नुक्ता वेगवेगळे लिहिलेले असतील तर NFC त्यांचा एक ऱ करून देतं. पण न दिसणारं जोडचिन्ह असलेल्या वाटेला ते हातही लावत नाही. NFC चालवल्यावरही दोन बऱ्हाणपूर दोनच राहतात. हे मी तिकिटात ठळक लिहिलं, कारण पुढचा माणूस पहिल्याच दिवशी हे करून बघणार, 'झालं' म्हणून तिकीट बंद करणार आणि महिन्याने अण्णांचा पुन्हा फोन येणार.

सुचणारा दुसरा उपाय जास्त धोक्याचा. तो मी स्वतः केला होता.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी मला नावांच्या तक्त्यात ही अदृश्य चिन्हं दिसली. ती कचरा आहेत असं समजून मी एका ओळीत सगळ्या नावांमधून U+200D काढून टाकलं. शोध सुधारेल अशी खात्री होती. जोडचिन्ह गेलं की र आणि हलन्त पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतात आणि त्याचा रफार होतो. बऱ्हाणपूरचं 'बर्हाणपूर' झालं. वऱ्हाडचं 'वर्हाड' झालं. बिलाच्या तळाला 'व्यापाऱ्याकडे बाकी' असं छापत होतो, तिथे 'व्यापार्याकडे' आलं. दुपारपर्यंत त्या अवतारात बिलं छापून शेतकऱ्यांच्या हातात गेली होती. अण्णांनी फोनवर आवाज चढवला नाही. ते म्हणाले, "ताई, बिलावर आमच्या गावांची नावं मोडली." त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

रात्रीच्या बॅकअपवरून मी नावं परत आणली. पण त्या दिवसभरात ज्या नोंदी कुणी उघडून दुरुस्त केल्या होत्या त्यांच्यावर जुनं नाव पुन्हा घालणं धोक्याचं होतं, म्हणून त्या तशाच सोडल्या. त्या २१२ नोंदी अजून रफार घेऊन बसल्या आहेत. म्हणजे आमच्या डेटात एकाच गावाची तीन रूपं आहेत, आणि तिसरं माझ्यामुळे.

निरोपाची नोंद लिहायला बसले तेव्हा मी त्या दिवसाचा कमिट, म्हणजे कोडमधल्या बदलाची नोंद, शोधून काढला. संदेश होता 'cleanup names', दोन शब्द. कुणी `git blame` चालवलं असतं तर कोणती ओळ कुणी केव्हा बदलली हे त्याला कळलं असतं. का बदलली, काय बिघडलं, काय तसंच राहिलं, यातलं काहीच त्यात नव्हतं. कोड माझ्यामागे राहणार होता, आणि कारण मात्र माझ्याबरोबर एस.टी.त बसून नाशिकला निघणार होतं. त्या संध्याकाळी मी ४१२ मध्ये सगळ्यात आधी हा प्रसंग लिहिला, तारखेसह आणि त्या २१२ नोंदींच्या यादीसह. उपाय त्याच्या खाली.

उपाय असा की मूळ नावाला हात लावायचाच नाही. माणसाने जसं लिहिलं तसंच ते छापायचं. शोधासाठी शेजारी एक वेगळा रकाना ठेवायचा, त्यात तिन्ही रूपं एकाच साच्यात बसवायची, आणि शोधणाऱ्याने टाइप केलेला शब्दही त्याच साच्यातून काढायचा:

```python
import unicodedata

def search_key(s):
    s = unicodedata.normalize("NFC", s)
    s = s.replace("\u0931", "\u0930")
    return s.replace("\u200d", "").replace("\u200c", "")
```

यातून तिन्ही बऱ्हाणपूर एकसारखे बाहेर पडतात. बाहेर पडणारं रूप मराठी म्हणून चुकीचं आहे, त्यात रफार आहे, पण ते कुणाला दाखवायचंच नाही. फक्त जुळवायचं आहे.

माझं काम इथवर झालं होतं. फंक्शन लिहिलेलं, त्याच्या चाचण्या लिहिलेल्या, रकाना चाचणीच्या सर्व्हरवर तयार. आता हे द्यायचं कुणाला? पहिल्यांदा मी सरळ धनश्रीचं नाव टाकलं. ती वर्षभरापूर्वी कॉलेजातून आली, भुसावळहून रोज येजा करते, आणि कोड नीट वाचते. मग नोंद लिहिता लिहिता लक्षात आलं की मी ज्याला एक तिकीट म्हणते त्यात तीन वेगवेगळी कामं आहेत आणि तिन्हींना वेगवेगळी माणसं लागतात. माझ्या डोक्यात ती एकत्र होती, कारण तिन्ही मीच करत होते. मी ४१२ फोडलं.

धनश्रीला शोधाचा भाग दिला. तिच्यासाठी लिहिलेली नोंद अशी होती:

'धनश्री, फंक्शन आणि चाचण्या माझ्या ब्रँचवर आहेत, ब्रँच सर्व्हरवर ढकलली आहे. राहिलेलं काम: जुन्या नोंदींचा रकाना भरणे. एकदम भरू नकोस, पाच पाच हजारांच्या तुकड्यांनी भर, कारण दुपारी चारनंतर बिलं छापायची घाई असते आणि तक्ता अडकून राहिला तर सगळ्या पेढ्या थांबतात. सकाळी अकराच्या आत कर. मोबाइल ॲपमधला शोध वेगळ्या फाइलमधून जातो, तिथेही हाच साचा लावायचा आहे. तो मी अजून लावलेला नाही. काम झालं हे कसं ओळखायचं: सावद्याच्या पेढीवर बऱ्हाणपूर शोधलं की मार्च महिन्यात ५८ ट्रक आले पाहिजेत. एक गोष्ट कधीही करू नकोस, मूळ नावातून कुठलंही चिन्ह काढू नकोस. का, ते वर लिहिलं आहे.'

दुसरा भाग खात्यांचा. शोधात तीन रूपं एकत्र दिसली तरी खातेवहीत ती वेगळी खाती म्हणून उभी आहेत, आणि त्या खात्यांवर पैसे आहेत. एकाच व्यापाऱ्याची दोन खाती असतील तर ती एकत्र करावी लागणार. मी साचा चालवून जुळणाऱ्या जोड्यांची यादी काढली, ६३ जोड्या निघाल्या. यातल्या बहुतेक खऱ्याच एक आहेत. पण यादीत 'आचार्यांचा मळा' आणि 'आचाऱ्यांचा मळा' अशी एक जोडी होती. साच्याला दोन्ही एकच. मराठीत एक आचार्यांचा, दुसरा स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांचा. मी अण्णांना विचारलं तर ते म्हणाले, दोन वेगळी शेतं आहेत, मालक वेगळे, एक सावद्याकडे आणि एक पार फैजपूरच्या बाजूला. ते दोन मळे एकत्र केले असते तर एका शेतकऱ्याचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात गेले असते.

हे काम कोडचं नाही. ते नितीनदादांचं आहे. दादा पंधरा वर्षं ग्राहकांचे फोन घेतात, कोणत्या पेढीवर मुनीम कोण आणि तो कोणत्या वेळी मोकळा असतो हे त्यांना पाठ आहे. त्यांच्या नोंदीत मी तांत्रिक काहीच लिहिलं नाही. ६३ जोड्यांचा छापील कागद दिला, प्रत्येक जोडीपुढे दोन रिकाम्या चौकटी, 'एकच' आणि 'वेगळे'. आणि लिहिलं, 'दादा, पेढीवर बसूनच भरा, फोनवर नको. फोनवर दोन्ही नावं कानाला जवळजवळ सारखीच लागतात. दोन्ही खात्यांवर बाकी असेल तर मुनिमांची सही घ्या. एकत्र करायचं बटण भूषण दाबेल, तुमचा कागद आल्यावरच.'

दादांनी तो कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. स्क्रीनवर त्यांच्या नावाने तिकीट होतंच, पण त्यांनी ते काम खिशात ठेवलं याने मला जास्त बरं वाटलं.

तिसरा भाग मी जवळजवळ विसरले होते. जोडचिन्हाच्या वाटेने येणाऱ्या नोंदी बंद झालेल्याच नव्हत्या. आमचा एक ग्राहक अजून काट्यावर जुनंच सॉफ्टवेअर वापरतो. तिथली फाइल रोज संध्याकाळी येते आणि रात्री दोन वाजता एक काम आपोआप चालून ती रूपांतर करून आत घेतं. ते जुनं रूपांतर रोज नवे दोन-चार बऱ्हाणपूर जुन्या पद्धतीने आत टाकतं. उगम चालू असेल तर खालचं पाणी किती गाळायचं? आणि ते रात्रीचं काम कुणाच्या खात्यावरून चालतं हे बघायला मी `crontab -l` चालवलं, तर ते माझ्या स्वतःच्या लॉगिनखाली निघालं. सहा वर्षांपूर्वी तात्पुरतं म्हणून लावलं होतं. मी गेल्यावर रीतीप्रमाणे माझं लॉगिन बंद होणार, आणि त्या रात्रीपासून त्या पेढीचा माल आमच्याकडे येणं थांबणार. चूक लगेच दिसलीही नसती, कारण न आलेली फाइल कुठे लाल अक्षरात ओरडत नाही. दोन-तीन दिवसांनी एखाद्या शेतकऱ्याने आपलं बिल विचारलं की मग शोधाशोध.

मला वाटतं, सोडून जाणाऱ्या प्रत्येक डेव्हलपरने तिकिटांच्या यादीआधी ही यादी करावी: माझ्या नावाने, माझ्या ईमेलवर, माझ्या लॅपटॉपवर काय काय चालू आहे. तिकिटं निदान दिसतात तरी. या गोष्टी माणूस गेल्यावरच दिसतात. माझ्या यादीत ते रात्रीचं काम निघालं, एका डोमेनच्या नूतनीकरणाची सूचना माझ्या ईमेलवर येत होती ती निघाली, आणि लॅपटॉपवर `git stash list` चालवल्यावर चार अर्धवट बदल निघाले. स्टॅश फक्त आपल्याच मशीनवर असतो, ब्रँच ढकलली तरी तो सोबत जात नाही. लॅपटॉप पुसून परत दिला असता तर ते चारही गेले असते. त्यातले दोन मी ब्रँच करून वर ढकलले आणि दोन वाचून, गरज नाही अशी खात्री करून टाकून दिले.

रात्रीचं काम भूषणला दिलं. भूषण सर्व्हर सांभाळतो, अमळनेरचा, कमी बोलतो. त्याच्यासोबत मी एक प्रयोग केला. शेवटच्या आठवड्याच्या मंगळवारी आम्ही ते काम सामायिक खात्यावर हलवलं आणि त्याच रात्रीसाठी माझं लॉगिन मुद्दाम बंद केलं. मी अजून इथे आहे तोवर काय काय पडतं ते बघू, असं ठरवून. बुधवारी सकाळी फाइल आली नव्हती. फाइल उचलण्यासाठी लागणारी किल्ली माझ्या होम फोल्डरमध्ये होती, हे मला स्वतःलाही आठवत नव्हतं. भूषणने किल्ली नवी बनवली, बुधवारी रात्री पुन्हा प्रयोग केला, आणि गुरुवारी सकाळी फाइल आली. मी जायच्या आधी मला गेलेली धरून एक रात्र काढली नसती तर ही किल्ली कुठल्याच नोंदीत आली नसती. मी कितीही आठवून लिहिलं असतं तरी.

त्याच्या नोंदीत शेवटी लिहिलं, 'भूषण, रूपांतरात जोडचिन्हाच्या जागी ऱ लिहायचा बदल एका ओळीचा आहे, मी केलेला नाही. आधी धनश्रीचा रकाना भरून होऊ दे, मग कर. उलट केलंस तर जुन्या नोंदींशी जुळणी तुटेल आणि दादांच्या ६३ जोड्यांत रोज भर पडेल.' कोणाचं काम कोणाच्या आधी, हे तीन तिकिटांच्या दुव्यांमध्येही घातलं.

बाकीच्या दहा तिकिटांबद्दल थोडक्यात. चार मी बंद केली. वर्षानुवर्षं उघडी होती आणि ती कुणीच करणार नव्हतं. ती दुसऱ्याच्या नावावर टाकणं म्हणजे त्याच्या डोक्यावर ओझं देणं. बंद करताना प्रत्येक मागणाऱ्याला फोन केला की हे होणार नाही, आणि का होणार नाही. दोघे म्हणाले, ते काम आम्ही केव्हाच दुसऱ्या मार्गाने करून घेतलं. पाच तिकिटं सरळ होती, एकेका परिच्छेदात दिली गेली.

राहिलं एक, ते आश्वासनाचं. भावाच्या पट्टीत नवती, पिलबाग आणि वापसी असे मालाचे भाव वेगळे असतात, आणि रावेरच्या एका ग्राहकाला मी तोंडी सांगितलं होतं की पुढच्या हंगामाच्या आत या प्रत्येकाचा वेगळा अहवाल देईन. तिकिटात यातलं काहीच नव्हतं. फक्त 'अहवाल सुधारणा' एवढंच. मी शब्द दिला होता, तो पाळायची वेळ दुसऱ्यावर येणार होती. दादांना सोबत घेऊन मी त्या ग्राहकाला फोन लावला आणि सांगितलं की हा शब्द मी दिला होता, आता हे काम धनश्रीकडे आहे, आणि तिच्या हातात आधी दुसरं काम आहे, त्यामुळे हंगामाच्या आत होईलच असं नाही. ते थोडे नाराज झाले. पण धनश्रीने ती नाराजी महिन्याभराने, कारण माहीत नसताना, एकटीने ऐकण्यापेक्षा मी त्या दिवशी ऐकली हे योग्य झालं.

शेवटच्या दिवशी अण्णांना फोन केला. त्यांना कोणती तिकिटं कोणाकडे यात रस नव्हता. त्यांनी विचारलं, "मग आता बऱ्हाणपूरचं कोणाला सांगायचं?" मी धनश्रीला फोन दिला. ती थोडी घाबरली होती, तिने वहीत त्यांचं बोलणं उतरवून घेतलं. अण्णा तिच्याशी दहा मिनिटं बोलले. माझ्याशी ते कधी दहा मिनिटं बोलले नव्हते.

संध्याकाळी मी सामान आवरत असताना ती वही घेऊन आली. "ताई, तुमच्या साच्यातून तिन्ही रूपं एक होतात, ते तपासलं. पण मी सगळ्या नोंदी चाळल्या. काही लोकांनी 'बुऱ्हाणपूर' लिहिलंय, ब ला उकार देऊन. ते साच्यात बसत नाही. ते पण तेच गाव ना?"

तेच गाव. आमच्याकडे माणसं दोन्ही म्हणतात, दोन्ही लिहितात. सहा वर्षांत मी अदृश्य चिन्हांच्या मागे इतकी लागले होते की डोळ्यांना सरळ दिसणारा हा उकार माझ्या यादीत नव्हता. मी तिला सांगितलं की हे साच्यात घालू नकोस, उकार काढायला लागलीस तर भलतीच नावं एक होतील. यासाठी गावाच्या पर्यायी नावांचा वेगळा तक्ता लागेल, आणि कोणतं नाव कोणाचं पर्यायी हे दादांना विचारून भरावं लागेल.

"मग हे ४१२ मध्येच लिहू?"

"नको. नवीन तिकीट उघड."

तिने माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून ते उघडलं. शीर्षक लिहिलं, बऱ्हाणपूर आणि बुऱ्हाणपूर. खाली सावद्याच्या तीन नोंदींचे क्रमांक दिले, साच्यात का घालायचं नाही ते दोन ओळींत लिहिलं, आणि ज्याच्या नावावर काम त्या रकान्यात स्वतःचं नाव टाकलं.